अर्धं आकाश व्यापणारा पत्रा

१९०९च्या सुमाराची गोष्ट. शिकागो विद्यापीठातल्या रायर्सन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वी फ्लेचर एका नव्या मांडणीवर काम करत होते. दोन गोल पितळी तबकड्या, एकीवर एक आडव्या बसवलेल्या. तबकडीचा व्यास २२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण मधल्या आकाराच्या ताटाएवढा. मध्ये एबोनाइटच्या तीन खुंट्यांनी राखलेलं १६ मिलिमीटरचं अंतर. वरच्या तबकडीच्या मधोमध टाचणीनं पाडावं एवढंसं भोक. त्याच्या वर अत्तराच्या फवाऱ्यासारख्या साधनानं घड्याळाच्या तेलाचा तुषार उडवायचा आणि वाट बघायची. कधीतरी एखादा थेंब त्या भोकातून खाली उतरतो. बाजूनं प्रखर उजेड सोडलेला असला, की अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तो एखाद्या चांदणीसारखा लुकलुकताना दुर्बिणीतून दिसतो.

हा थेंब संथपणे खाली येतो. तबकड्यांना काही हजार व्होल्टची बॅटरी जोडली, की थांबतो आणि वर चढायला लागतो, कारण फवाऱ्यातून निघताना घर्षणानं त्याच्यावर थोडा विद्युतभार आलेला असतो. बॅटरी तोडली की पुन्हा खाली. एकाच थेंबाला असं वर-खाली करत त्याच्या वेगांवरून त्याच्यावरचा भार काढायचा, हा तो प्रसिद्ध प्रयोग. इलेक्ट्रॉनचा भार त्यातून मोजला गेला आणि १९२३ साली मिलिकन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रयोग करताना दर दोन-तीन वर्षांनी एखादी मुलगी दुर्बिणीवरचा डोळा काढते आणि विचारते, "मॅडम, थेंब वर चढताना वरच्या तबकडीच्या जवळ जातोय ना? मग तिची ओढ वाढत का नाही? वेग तर तेवढाच आहे." मला वाटतं, सगळ्या प्रयोगात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे. विद्युतबल अंतराच्या वर्गाप्रमाणे कमी होतं, हे कुलोमनं १७८५ साली दाखवलेलं आपण शाळेपासून घोकतो. अंतर दुप्पट तर बल पाव, तिप्पट तर नववा भाग. मग या तबकड्यांमधल्या थेंबाला आपण कुठे आहोत याचा पत्ताच का लागत नाही?

उत्तरासाठी आधी एकच पत्रा घेऊ. त्याची जाडी नगण्य आहे, तो चारही दिशांना न संपणारा आहे आणि त्यावर धनभार अगदी सारखा पसरला आहे, एखाद्या शेतात एकसारखं बी पेरावं तसा. दर चौरस मीटरवर किती भार आहे त्या आकड्याला σ, म्हणजे सिग्मा, म्हणू. पत्र्याच्या वर काही उंचीवर एक बिंदू धरला, तर तिथे विद्युतक्षेत्र किती आणि कुठल्या दिशेला? म्हणजे तिथे एक एकक धनभार ठेवला, तर त्याला कुठे आणि किती रेटा बसेल?

दिशेपासून सुरुवात करू, कारण ती एक आकडाही न मांडता मिळते. समजा कोणी म्हणालं, की क्षेत्र वर आहे पण थोडं पूर्वेकडे कललेलं आहे. ठीक. आता त्याला पाठ फिरवायला सांगा आणि पत्रा त्या बिंदूखालच्या जागेभोवती अर्धा फिरवा, जात्याची तळी फिरवावी तसा. पत्र्याबरोबर त्याचं क्षेत्रही फिरलं, म्हणजे पूर्वेकडे कललेला बाण आता पश्चिमेकडे कलला. पण त्या माणसानं पुन्हा वळून पत्रा पाहिला, तर त्याला काय दिसेल? तोच पत्रा. कडा नाही, कोपरा नाही, खूण नाही. पत्रा तोच, बिंदू तोच, आणि क्षेत्राच्या दिशा मात्र दोन. हे शक्य नाही. कलच नसेल तरच दोन्ही उत्तरं जुळतात. म्हणून क्षेत्र पत्र्याला बरोबर लंब, सरळ वर.

हाच पाठ फिरवण्याचा खेळ आणखी दोनदा खेळता येतो. पत्रा बाजूला चार हात सरकवला तरी कळत नाही, म्हणून एकाच उंचीवरच्या सगळ्या बिंदूंवर क्षेत्र सारखं. पत्रा उलटा केला, वरची बाजू खाली, तरी कळत नाही, म्हणून जेवढ्या जोरानं ते वरच्या बाजूला वर ढकलतं, तेवढ्याच जोरानं खालच्या बाजूला खाली ढकलतं. वस्तूला काही केल्यावरही ती जशीच्या तशी दिसते, या गुणाला सममिती म्हणतात.

इथे एक गोष्ट मी मुलांना थांबून सांगते, कारण पुस्तकं ती घाईत ओलांडतात. उंची बदलली तर क्षेत्र बदलेल का, हे नुसत्या सममितीनं कळत नाही. पत्रा वर-खाली सरकवला तर ते दिसतंच, बिंदू त्याच्या जवळ येतो किंवा लांब जातो. तेव्हा 'क्षेत्र सगळीकडे सारखं' हे वाक्य सममितीच्या नावावर खपवता येत नाही. त्यासाठी कुलोमचा वर्गाचा नियम लागतो, आणि तो इथे फार सुंदर रीतीनं कामाला येतो.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. वहीचा कागद गुंडाळून नळी करा आणि एका डोळ्यानं तिच्यातून समोरची चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत बघा. मग एकेक पाऊल मागे या. नळीतला पांढरा गोल तितकाच उजळ राहतो, अंधुक होत नाही. का? मागे आल्यावर भिंतीच्या प्रत्येक ठिपक्याकडून डोळ्यात येणारा उजेड अंतराच्या वर्गाप्रमाणे घटतो, हे खरं. पण नळीतून आता भिंतीचा मोठा तुकडा दिसतोय, आणि त्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाप्रमाणेच वाढलंय. दुप्पट लांबून प्रत्येक ठिपका पाव उजळ आणि ठिपके चौपट. हिशोब चुकता होतो. हे कुठवर चालतं? नळीतून भिंतीची कड दिसायला लागेपर्यंत. कड आली की गोलाचा एक भाग काळा होतो आणि तिथून पुढे उजेड कमी होत जातो.

भारित पत्र्याचं अगदी हेच आहे. आपल्या बिंदूवर डोळा ठेवून खाली पत्र्याकडे बघा. कुठल्याही एका दिशेला नळी धरली, तर त्या नळीत येणाऱ्या तुकड्याचा भार उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि त्याचं बल वर्गाप्रमाणे घटतं. त्या दिशेकडून येणारा वाटा उंचीवर अवलंबूनच राहत नाही. प्रत्येक दिशेचं असंच, म्हणून सगळ्यांची बेरीजही तीच. पत्र्यापासून बोटभर अंतरावर असा किंवा कोसभर, तो खालचं संपूर्ण अर्धं आकाश व्यापून असतो, आणि क्षेत्र त्यावर ठरतं.

यात थोडी बारीक गंमत आहे. तिरक्या दिशेचा तुकडा आपल्याला आडवा ढकलतो आणि थोडा वर. आडवा भाग सममितीनं कटतो, समोरच्या बाजूचा तुकडा तो फेडून टाकतो. उरतो फक्त वर ढकलणारा भाग. तो तिरकेपणामुळे जेवढ्या प्रमाणात कमी होतो, नेमक्या तेवढ्याच प्रमाणात तो तुकडा तिरकेपणामुळे बारीकही दिसतो, जशी जमिनीवर ठेवलेली थाळी लांबून चपटी दिसते. त्यामुळे नियम असा होतो, की पत्र्याच्या एखाद्या तुकड्याचा लंब दिशेतला वाटा म्हणजे σ गुणिले तो तुकडा आकाशाचा किती भाग व्यापतो ते. तुकडा किती लांब, किती मोठा, किती तिरका, यातलं काही वेगळं धरावं लागत नाही. तो आकाशात केवढा दिसतो तेवढं पुरतं.

आता आकडा. आकाशाचा पूर्ण गोल कोनाच्या मापात 4π, त्याचा अर्धा 2π. कुलोमच्या नियमातला स्थिरांक 1/4πε₀. त्याला σ आणि 2π यांनी गुणलं, की

E = σ/2ε₀

बारावीच्या पुस्तकात हेच उत्तर गाऊसच्या नियमानं काढतात. पत्र्यातून आरपार जाणारी एक गोल डबी कल्पायची, अर्धी वर, अर्धी खाली. क्षेत्र लंब आहे, म्हणून डबीच्या कडेच्या भिंतीतून काहीच बाहेर जात नाही. झाकणातून E गुणिले क्षेत्रफळ, बुडातूनही तेवढंच. दोन्ही मिळून आतला भार भागिले ε₀. ओळ दोन ओळींत संपते आणि उत्तर बिनचूक असतं, पण अंतर कुठे गेलं हे तिच्यात दिसत नाही. म्हणून मला आकाशाची वाट जवळची वाटते. शिवाय दुसरा पत्रा आणला की तिचा खरा उपयोग होतो.

पहिल्याच्या वर, त्याला समांतर, तेवढाच ऋणभार असलेला दुसरा पत्रा ठेवू. दोघांच्या मध्ये उभं राहून बघा. खालचं अर्धं आकाश धनभारानं भरलंय, तो आपल्या एकक धनभाराला वर ढकलतो. वरचं अर्धं आकाश ऋणभारानं भरलंय, तो वर ओढतो. दोन्ही एकाच दिशेला, म्हणून σ/2ε₀ अधिक σ/2ε₀, म्हणजे σ/ε₀. आता मुलीच्या प्रश्नाकडे या. थेंब वर चढला, वरच्या पत्र्याच्या जवळ गेला. त्यानं वरचं किती आकाश व्यापलं? अर्धंच, आधीइतकंच. खालचा लांब गेला, त्यानं? अर्धंच. थेंबाभोवतीचं आकाश बदललेलं नाही. म्हणून ओढही बदलत नाही.

दोन्ही पत्र्यांच्या बाहेर, वरती, जाऊन बघा. आता दोन्ही पत्रे खालच्याच अर्ध्या आकाशात आहेत, एकामागे एक. जवळचा ऋण, मागचा धन. दोघंही तेच अर्धं आकाश पूर्ण व्यापतात, म्हणून एकाचा रेटा आणि दुसऱ्याची ओढ तंतोतंत सारखी आणि विरुद्ध. बेरीज शून्य. लांबचा पत्रा लांब आहे म्हणून दुबळा पडेल, असं आपल्या मनाला वाटतं. न संपणाऱ्या पत्र्याला तो नियम लागू नाही. सगळं क्षेत्र दोघांच्या मधल्या फटीत कोंडलेलं राहतं.

याच वळणावर एक चूक फार होते, आणि ती हुशार मुलांकडून जास्त होते. धातूच्या पृष्ठभागालगत क्षेत्र σ/ε₀ असतं हे त्यांना पाठ असतं. तबकड्या तर धातूच्या आहेत. मग एकीचं σ/ε₀, दुसरीचं σ/ε₀, मिळून 2σ/ε₀. कागदावर अगदी व्यवस्थित दिसतं आणि दुप्पट चुकतं. पृष्ठभागालगतचं ते σ/ε₀ एकट्या त्या पृष्ठभागाचं नसतंच. त्यात अर्धा वाटा समोरच्या त्या चिमुकल्या तुकड्याचा आणि अर्धा बाकीच्या सगळ्या जगाचा असतो. आपल्या बाबतीत बाकीचं जग म्हणजे दुसरी तबकडी. तिला एकदा आत धरून पुन्हा वेगळी मिळवली, तर तिचा वाटा दोनदा लागतो.

अशी चूक पकडायची कशी? तबकड्या एकमेकींना किती बळानं ओढतात ते विचारून. वरच्या तबकडीला ओढणारं क्षेत्र फक्त खालचीचं असणार, स्वतःला कोणी उचलत नाही. म्हणून दर चौरस मीटरला ओढ σ गुणिले σ/2ε₀. मिलिकन यांच्या मापांवर ५,००० व्होल्ट लावले असं धरलं, तर २२ सेंटीमीटरच्या तबकड्यांमधली ही ओढ सुमारे १.७ ग्रॅम वजनाएवढी येते. मधलं पूर्ण क्षेत्र वापरलं तर ३.४ ग्रॅम येईल. दोन उत्तरांतला फरक चांगल्या तराजूवर सहज कळतो. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १९व्या शतकात तयार केलेला निरपेक्ष विद्युतमापक याच तत्त्वावर चालत असे. टांगलेल्या चकतीवरची ओढ वजनाशी तोलायची आणि तिच्यावरून व्होल्ट काढायचे. त्यांच्या चकतीची एक खुबी पुढे सांगते.

व्होल्टची गोष्ट निघाली, तर प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं तेच आहे. तबकडीवर σ किती आहे हे मिलिकन यांना कुठे माहीत होतं? त्यांना दोनच गोष्टी नेमक्या मोजता येत होत्या, बॅटरीचे व्होल्ट आणि तबकड्यांमधलं अंतर. मधलं क्षेत्र ठिकठिकाणी वेगळं असतं, तर या दोन आकड्यांवरून थेंबाजवळचं क्षेत्र काढता आलं नसतं. ते सगळीकडे सारखं आहे म्हणून साधा भागाकार पुरतो.

E = V/d

५,००० व्होल्ट भागिले ०.०१६ मीटर म्हणजे दर मीटरला सुमारे ३ लाख १२ हजार व्होल्ट. यावरून उलट σ काढला, तर दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १ कोटी ७० लाख इलेक्ट्रॉन जास्तीचे किंवा कमी. ऐकायला खूप वाटतं, पण धातूच्या पृष्ठभागावर तेवढ्याच जागेत अणू असतात एकाच्या पुढे तेरा शून्यं या घरात. म्हणजे काही लाख अणूंमागे एखादा इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाला, की तेवढ्यानं तेलाचा थेंब उचलला जातो.

तो उचलला जातो का, तेही करून बघू. थेंबाची त्रिज्या एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तेलाची घनता पाण्याच्या नव्वद टक्के धरा. वजन येतं 3.7 × 10⁻¹⁴ न्यूटन. क्षेत्र नसताना हवेच्या अडथळ्यामुळे हा थेंब सेकंदाला मिलिमीटरच्या नवव्या भागाएवढाच खाली येतो, १६ मिलिमीटर उतरायला जवळजवळ अडीच मिनिटं घेतो. त्याच्यावर एकच जास्तीचा इलेक्ट्रॉन असेल, तर त्याला अधांतरी तोलायला किती व्होल्ट लागतील? वजन भागिले इलेक्ट्रॉनचा भार, गुणिले अंतर: सुमारे ३,७०० व्होल्ट. दोन इलेक्ट्रॉन असतील तर त्याच्या निम्मे, १,८५०. तीन असतील तर सुमारे १,२३०. एकाच थेंबावरचा भार मध्येच बदलतो, हवेतला एखादा आयन त्याला चिकटतो. मग तोलाचे व्होल्ट एकदम उडी घेतात, ३,७०० वरून १,८५० वर. मधला कुठलाही आकडा कधी येत नाही. प्रत्यक्षात मिलिकन थेंब अधांतरी तोलून न ठेवता त्याच्या चढण्या-उतरण्याचे वेग मोजत, कारण ते जास्त अचूक जमतं, पण हिशोबाचा गाभा हाच. आणि वेग मोजायचे म्हणजे थेंबाला मिलिमीटरांचं अंतर चालू द्यायचं. वाटेत क्षेत्र बदललं असतं तर वेग बदलला असता, आणि त्या उड्या ओळखूच आल्या नसत्या.

पण या तबकड्या न संपणाऱ्या नाहीत. ११ सेंटीमीटरवर कड आहे. 'अंतर लहान आहे, तेव्हा अनंतच समजू' असं पुस्तक म्हणतं. किती लहान म्हणजे पुरेसं लहान? आकाशाचा नियम हातात आहे, तेव्हा विचारू या. बरोबर मध्यावर, म्हणजे प्रत्येक तबकडीपासून ८ मिलिमीटरवर उभं राहिलं, तर ११ सेंटीमीटर त्रिज्येची तबकडी आपलं अर्धं आकाश किती व्यापते? सुमारे ९३ टक्के. कडेभोवती क्षितिजालगत एक उघडा पट्टा राहतो, आणि तो सात टक्के खाऊन जातो. हे मी पहिल्यांदा स्वतः मांडलं तेव्हा चांगलीच दचकले होते. फटीच्या जवळजवळ चौदापट रुंद तबकड्या, आणि तरी सात टक्के कमी? इलेक्ट्रॉनचा भार शेकड्याच्याही भागापर्यंत मोजायला निघालेल्या माणसाला हे परवडणारं नाही.

सुटका धातू करतो. सात टक्क्यांचा हिशोब भार सगळीकडे सारखा चिकटवलेला धरून केलाय, जणू प्लास्टिकच्या चकतीवर तो गोठवला आहे. पितळेवर भार मोकळा असतो, तो सरकतो. बॅटरी तबकडीच्या प्रत्येक बिंदूला एकच व्होल्टेज द्यायला बांधलेली, म्हणून भार स्वतःची मांडणी बदलून ती अट पुरी करतो. कडेला दाटी करतो, थोडा तबकडीच्या मागच्या बाजूलाही सांडतो. उघड्या राहिलेल्या क्षितिजाच्या पट्ट्याची भरपाई हा कडेला दाटलेला आणि मागे गेलेला भार करतो, आणि मधल्या भागात क्षेत्र बरोबर V/d वर येऊन बसतं. किती बरोबर? कडेपासून आत येताना, दर फटीएवढ्या अंतराला, म्हणजे इथे दर १६ मिलिमीटरला, कडेचा बिघाड निदान वीसपट कमी होतो. पहिल्या १६ मिलिमीटरनंतर विसावा भाग, ३२ नंतर चारशेवा, ४८ नंतर आठ हजारावा. मधोमध पोचेपर्यंत मोजण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

कड जवळ असते तेव्हा काय होतं ते तिथल्या क्षेत्राकडे बघितलं की कळतं. रेषा सरळ उभ्या न राहता बाहेरच्या बाजूला फुगतात, चुलीवरच्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. म्हणून थॉमसन यांनी त्यांच्या विद्युतमापकात तबकडीच कापली. मधली चकती वेगळी टांगली आणि तिच्याभोवती, केसाएवढी फट ठेवून, त्याच पातळीत एक रुंद कडं बसवलं, त्याच व्होल्टला जोडलेलं. वजन करायचं फक्त मधल्या चकतीचं. फुगलेल्या रेषा कड्याच्या वाट्याला जातात आणि चकतीला मिळतं ते अगदी सरळ क्षेत्र. याला रक्षक कडं म्हणतात. न संपणाऱ्या पत्र्याचा एक तुकडा कापून हातात घ्यायचा, तर त्याचा प्रामाणिक मार्ग हा.

मधल्या भोकाचं काय, असंही विचारलं जातं. तिथे पितळ नाही, म्हणून तिथलं क्षेत्र बिघडतंच. पण तो बिघाडही भोकाच्या काही व्यासांपुरता असतो. भोक टाचणीएवढं असेल, तर दोन-तीन मिलिमीटर खाली उतरलेल्या थेंबाला ते जाणवत नाही. भोक मोठं करून थेंब पटकन मिळवण्याचा मोह होतो, आणि तिथेच मोजमाप बिघडतं.

प्रयोगशाळेत मात्र आम्हाला छळलं ते कडेनंही नाही आणि भोकानंही नाही, टेबलानं. एका वर्षी आमच्याकडचा प्रत्येक थेंब व्होल्टेज लावल्यावर वर चढता चढता अंधुक व्हायचा आणि दिसेनासा व्हायचा. क्षेत्र नसताना खाली येताना मात्र शेवटपर्यंत स्पष्ट. मुलांना वाटलं भिंग खराब आहे. भिंग पुसून झालं, दिवा बदलून झाला. शेवटी एका मुलानं तबकडीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध नव्हता. टेबलाचा एक पाय खचला होता.

कारण सममितीतच आहे. क्षेत्र तबकडीला लंब असतं, जमिनीला नव्हे. गुरुत्वाकर्षण मात्र जमिनीशी इमान राखून सरळ खाली ओढतं. तबकड्या एक अंश जरी कलल्या, तरी विद्युतबलाचा सुमारे पावणेदोन टक्के भाग आडवा होतो आणि तो फेडायला तिथे कोणीच नसतं. वर सांगितलेला थेंब अधांतरी तोलून ठेवला तरी मिनिटाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाजूला सरकत राहतो. दुर्बिणीचा नेम त्याहून उथळ असतो, म्हणून तो अंधुक होतो. खाली येताना क्षेत्रच नसतं, म्हणून तेव्हा तो सरळ येतो. व्होल्टेज लावल्यावरच थेंब बाजूला जात असेल तर तबकड्या कललेल्या आहेत. व्होल्टेज नसतानाही भरकटत असेल तर दिव्याच्या उष्णतेनं हवा हलते आहे. ही खूण आता आमच्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते, आणि पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा असतो.

मिलिकन यांनी १९१३ साली जो आकडा प्रसिद्ध केला, तो आजच्या एककांत 1.592 × 10⁻¹⁹ कूलोम होतो. आज आपण 1.602 धरतो. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, उत्तर कमी आलेलं. तो कुठून आला हे नंतर उलगडलं. थेंबाचा आकार त्याच्या पडण्याच्या वेगावरून काढायचा, तर हवेची चिकटता किती हे माहीत असावं लागतं, आणि तेव्हा वापरलेला चिकटतेचा आकडा किंचित कमी होता. दोष हवेच्या आकड्यात निघाला, पितळी तबकड्यांमधल्या क्षेत्रात नाही.